कागद पाच रुपयांनी महागला, मग खोका किती रुपयांनी?

परचेसला नव्याने बसलेल्या माणसाच्या वाट्याला सगळ्यात आधी रिपीट ऑर्डर येते, कारण ती सोपी समजली जाते. स्टोअरमधून निरोप येतो, खोके संपत आलेत, मागच्यासारखेच तीन हजार मागवा. तुम्ही सप्लायरला फोन लावता आणि तो म्हणतो, "साहेब, जुना रेट आता विसरा. पेपर पंधरा टक्के वाढलाय. आम्हीपण तेवढेच वाढवतोय, एक रुपया जास्त नाही." ऐकायला हिशेब चोख वाटतो. पण खोक्याच्या किमतीत नुसता कागद नसतो. मजुरी, वीज, खळ, शिलाई, छपाई, टेम्पोभाडं आणि सप्लायरचा नफा हेही त्यात असतं, आणि कागद महागला म्हणून ते आपोआप त्याच टक्क्यांनी वाढत नाही.

कच्च्या मालाचा भाव हलल्यावर रिपीट ऑर्डरचं कोटेशन कसं मागवायचं, ते कोरुगेटेड खोक्याच्या उदाहरणावरून पाहू. पितळी पार्ट, प्लास्टिक मोल्डिंग, वाइंडिंग वायर यांनाही हीच रीत थोड्याफार फरकाने लागू पडते, पण खोका बहुतेक सगळ्यांनाच विकत घ्यावा लागतो आणि त्याचा हिशेब कागदावर मावतो. पुढचे भाव समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या वेळचे भाव तुम्ही घाला.

आधी जुनी फाइल काढा

फोन करण्याआधी मागची पर्चेस ऑर्डर, मागचं कोटेशन आणि मागचं बिल समोर ठेवा. तिन्ही लागतात. पीओवर रेट असतो, कोटेशनवर तो रेट कशाचा आहे ते असतं आणि बिलावर प्रत्यक्षात काय लावलं ते दिसतं. भाडं रेटमध्ये धरलेलं होतं की वेगळं, पेमेंट किती दिवसांचं होतं, तीन हजार खोके एकदम आले की तीन खेपांत, हे सगळं लिहून काढा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पेसिफिकेशन. बऱ्याच पीओंवर "5 प्लाय बॉक्स, सॅम्पलप्रमाणे" एवढंच लिहिलेलं असतं. भाव स्थिर असताना त्यावर भागतं, भाव हलला की हीच ओळ महाग पडते. आपल्या उदाहरणातला खोका असा आहे: आतलं माप 450 × 300 × 300 मिलिमीटर, पाच प्लाय, सगळ्यात वरचा कागद 180 जीएसएम, बाकीचे चारही थर 150 जीएसएम, कागद 18 बीएफचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि बीएफ म्हणजे त्याच वजनाच्या मानाने कागद फुटायला किती दाब लागतो त्याचा आकडा. जुन्या कागदपत्रांत हे नसेल तर सप्लायरकडून लेखी मागवून घ्या, रेटचा विषय काढायच्या आधी. रेटचं बोलणं सुरू झाल्यावर मिळालेलं स्पेसिफिकेशन रेटला सोयीचं असतं.

आपला आकडा आपण काढा

कोटेशन मागवण्याआधी खोक्यात किती कागद जातो ते स्वतः मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे.

नेहमीचा चार पाकळ्यांचा खोका उघडून सपाट केला की त्याची एक लांब शीट होते. तिची लांबी म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून दुप्पट, अधिक शिलाईची पट्टी आणि कापणीची थोडी सोड. इथे 450 आणि 300 मिळून 750, दुप्पट 1500, त्यात 50 मिळवले की 1550 मिलिमीटर. शीटची रुंदी म्हणजे खोक्याची रुंदी अधिक उंची, अधिक थोडी सोड: 620 मिलिमीटर. क्षेत्रफळ झालं 0.961 चौरस मीटर.

आता थर. सपाट कागद तीन, 180, 150 आणि 150, म्हणजे 480 जीएसएम. मधले दोन फ्लूट नागमोडी असल्याने त्यांना कागद जास्त लागतो. किती जास्त ते फ्लूटच्या उंचीवर ठरतं, आपण 1.4 पट धरू. 150 चे 210, दोन थरांचे 420. एकूण 900 जीएसएम. 0.961 ला 0.9 ने गुणलं की एका खोक्याचा कागद साधारण 865 ग्रॅम. मशीनवर जाणारी सुमारे 4 टक्के वेस्टेज धरली की एका खोक्यामागे 900 ग्रॅम कागद विकत घ्यावा लागतो.

मागच्या वेळी खोका 45 रुपयांना घेतला होता आणि तेव्हा क्राफ्ट, म्हणजे खोक्याचा कागद, 34 रुपये किलो होता, असं धरू. म्हणजे 45 पैकी 30 रुपये 60 पैसे कागदाचे आणि उरलेले 14 रुपये 40 पैसे बाकी सगळ्याचे. या दुसऱ्या भागाला धंद्यात कन्व्हर्जन म्हणतात. आज क्राफ्ट 39 रुपये आहे. कागदाचे झाले 35 रुपये 10 पैसे. कन्व्हर्जन तेच ठेवलं तर खोका 49 रुपये 50 पैशांना पडायला हवा.

कागद वाढला जवळजवळ पंधरा टक्के, खोका वाढायला हवा दहा टक्के. सप्लायरने पंधरा टक्के सगळ्या रेटवर लावले की खोका 51 रुपये 75 पैशांना जातो. फरक सव्वादोन रुपयांचा, तीन हजार खोक्यांवर 6,750 रुपये. सप्लायर फसवतोय असं लगेच समजू नका. अनेक छोटे कारखानदार स्वतःही असाच ढोबळ टक्का लावतात, कारण समोरून कोणी विचारत नाही.

कागदाचा भाव खरंच किती हलला?

हा आकडा एकाच तोंडून घेऊ नका. दुसऱ्या दोन खोकेवाल्यांना आणि जमलं तर एखाद्या पेपर डीलरला विचारा. पुण्याकडच्या बऱ्याच खोकेवाल्यांचा क्राफ्ट वापीच्या मिलमधून येतो, आणि भाव बदलला की मिल आपल्या गिऱ्हाइकांना पत्र किंवा मेसेज पाठवते. ते पत्र दाखवा म्हणायला संकोच करू नका. खरी वाढ असेल तर सप्लायर ते उत्साहाने पाठवतो.

विचारताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, भाव मिलमधला की पोच. जुना भाव मिलमधला आणि नवा भाव भाड्यासकट सांगितला की वाढ उगाच मोठी दिसते. दुसरी, जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून कोरुगेटेड खोक्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि क्राफ्ट कागदावरचा 12 वरून 18. तुमची मागची ऑर्डर त्याआधीची असेल तर दोन्ही रेट कराशिवायच समोरासमोर ठेवा. "पेपरवर अठरा टक्के भरतो साहेब" हे खरं असतं, पण तो कर सप्लायरचा खर्च नसतो, त्याचं क्रेडिट मिळतं. जास्तीच्या क्रेडिटचा परतावा मागावा लागतो आणि तोवर त्याचे पैसे अडकतात, एवढी अडचण मात्र खरी आहे. अडकलेल्या पैशाचं व्याज म्हणून त्याने थोडे पैसे मागितले तर ऐकून घ्या. पूर्ण फरकच खोक्यावर टाकला तर नाही म्हणा.

वाढ का झाली हेही समजून घेतलेलं बरं, कारण त्यावरून ती टिकेल का याचा अंदाज येतो. क्राफ्ट मुख्यतः जुन्या खोक्यांच्या रद्दीपासून बनतो. त्यातली बरीच रद्दी परदेशातून येते. त्यामुळे जहाजाचं भाडं, डॉलर आणि पावसाळ्यात इथल्या रद्दीची आवक, तिन्हींचा परिणाम होतो. चीनने 1 जानेवारी 2021 पासून रद्दीची आयात बंद केली तेव्हा तिथल्या गिरण्यांना तयार लगदा आणि क्राफ्टची रिळं बाहेरून आणावी लागली. आपल्या मिलनी तिकडे माल पाठवायला सुरुवात केली आणि इथल्या खोकेवाल्यांना एकामागून एक वाढीची पत्रं येऊ लागली. अशी वाढ पंधरा दिवसांत उतरत नाही. भाड्यामुळे किंवा पावसामुळे आलेली वाढ उतरू शकते, मग तीन हजारांऐवजी महिन्यापुरते हजार खोके घेऊन थांबणं शहाणपणाचं.

इन्क्वायरी लिहिताना

"मागच्यासारखेच खोके, नवीन रेट कळवा" असं लिहिलं की उत्तरात एकच आकडा येतो, आणि एका आकड्याशी घासाघीस करण्यापलीकडे तुमच्या हातात काही उरत नाही. रेट फोडून मागा. मेल साधारण असा असावा:

"विषय: 5 प्लाय खोके, रिपीट ऑर्डरसाठी कोटेशन

नमस्कार,
आमच्या मागच्या पीओमधलेच (क्रमांक व तारीख) खोके पुन्हा हवे आहेत. संख्या 3,000, एकाच खेपेत. आतलं माप 450 × 300 × 300 मिमी, वरचा कागद 180 जीएसएम, बाकी चार थर 150 जीएसएम, कागद 18 बीएफ, एकरंगी छपाई, स्टिरिओ तुमच्याकडे असलेलाच. यात कोणताही बदल सुचवायचा असेल तर त्याचं कोटेशन वेगळं द्यावं.

मागच्या ऑर्डरनंतर क्राफ्टचा भाव बदलला आहे याची कल्पना आहे. म्हणून रेट देताना पुढील बाबी वेगळ्या लिहाव्यात ही विनंती: एका खोक्याला लागणारा कागद (वेस्टेजसह), क्राफ्टचा धरलेला पोच भाव आणि त्याची तारीख, कन्व्हर्जन, आमच्या गेटपर्यंतचं भाडं. मागच्या ऑर्डरच्या वेळी धरलेला क्राफ्टचा भावही कळवावा. रेट किती दिवस कायम राहील आणि पेमेंटची मुदत काय, हेही लिहावं."

"मागच्या वेळी धरलेला भाव" ही ओळ गाळू नका. कोटेशन वाचताना खरं काम तिचंच असतं. सप्लायरने जुना भाव 34 लिहिला आणि तुमच्या माहितीप्रमाणे तेव्हा तो 36 होता, तर वाढ पाचची नाही, तीनची आहे.

स्टिरिओचा उल्लेखही मुद्दाम आहे. छपाईचा तो रबरी ठसा मागच्या वेळीच तुमच्या पैशाने झालेला असतो. रिपीट ऑर्डरवर त्याचे पैसे पुन्हा लागले तर कारण विचारा.

हाच मेल दुसऱ्या एका सप्लायरलाही पाठवा, पण त्यात जुना पीओ, जुना रेट, जुना स्टिरिओ आणि "मागच्या वेळी" हे शब्द नकोत. नव्या माणसाला जुना रेट कळला की तो त्याच्या आसपासच आकडा देतो, आणि मग त्या कोटेशनचा ताडून पाहायला उपयोग राहत नाही.

जुन्याच रेटला देतो म्हणाला तर

रेट वाढवणारा सप्लायर परवडला. कागद पाच रुपयांनी वाढलेला असताना "तुमच्यासाठी जुनाच रेट, पंचेचाळीस" म्हणणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या.

आपल्याच खोक्यात 150 जीएसएमचे चारही थर 120 चे केले तर काय होतं पाहा. एकूण जीएसएम 900 वरून 756 वर येतो आणि खोका 865 ग्रॅमवरून सुमारे 726 ग्रॅमवर. वेस्टेज धरून आजच्या भावाने खोक्यामागे साडेपाच रुपयांहून जास्त वाचतात. कागदाची वाढ होती साडेचार रुपये. म्हणजे जुना रेट ठेवूनही त्याचा नफा आधीपेक्षा वाढला, आणि तुमचा माल मात्र गोदामात थप्पीच्या चौथ्या थरापाशी खोके दबायला लागले की तक्रार करतो.

डोळ्याला हा फरक सहसा दिसत नाही, हाताला कधी कधी जाणवतो. वजनकाट्यावर मात्र लपत नाही. माल आला की दहा खोके उचलून एकत्र तोला आणि दहाने भागा. शिवाय एका खोक्यातून 10 × 10 सेंटिमीटरचा चौकोन कापून बारीक काट्यावर ठेवा. ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर म्हणजे सगळ्या थरांचा मिळून जीएसएम. आपल्या खोक्याचा तुकडा 9 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, खळीमुळे किंचित जास्तच. साडेसात-पावणेआठ भरला तर गडबड आहे. कुठल्या थरात, ते पाहायचं असेल तर तुकडा पाण्यात भिजवा. थर सुटे होतात, ते वाळवून एकेक तोला. फ्लूटचा कागद तोलण्याआधी सरळ करून त्याचं क्षेत्रफळ मोजा, नाहीतर तो 1.4 पट जड वाटेल.

पावसाळ्यात एक घोळ होतो. कागद दमट हवेत ओल धरतो आणि खोक्याचं वजन पाचेक टक्क्यांनी वाढू शकतं, म्हणजे हलका खोका थोडा जड दिसतो. यावर उपाय सोपा आहे. मागच्या मंजूर लॉटमधला एक खोका सही-तारीख घालून कायम जपून ठेवा. नवा खोका त्याच्या शेजारी एक रात्र ठेवा आणि सकाळी दोन्ही एकाच काट्यावर तोला. ओल दोघांनाही सारखीच लागलेली असते. बीएफ मात्र वजनावरून कळत नाही. त्यासाठी बर्स्टिंग टेस्ट लागते, आणि मोठ्या ऑर्डरवर सप्लायरकडून टेस्ट रिपोर्ट मागणं रास्त आहे.

कमी जीएसएमचा प्रत्येक प्रस्ताव वाईट असतो असं मात्र नाही. 150 जीएसएमच्या 18 बीएफऐवजी 120 जीएसएमचा 22 बीएफ वापरून खोका पुरेसा मजबूत होऊ शकतो, आणि किलोचा भाव जास्त असूनही स्वस्त पडू शकतो. सप्लायरने तसं उघडपणे सुचवलं तर पन्नास खोके बनवून घ्या, माल भरून नेहमीच्या उंचीइतकी थप्पी लावा आणि आठवडाभर बघा. म्हणूनच मेलमध्ये "बदलाचं कोटेशन वेगळं" असं लिहायचं.

फोनवरचं बोलणं

कोटेशन आलं: कागद 900 ग्रॅम, क्राफ्ट 39, कन्व्हर्जन 15 रुपये 40 पैसे, खोका 50 रुपये 50 पैसे. कागदाचा हिशेब तुमच्याशी जुळतो, वाद फक्त कन्व्हर्जनमधल्या एका रुपयाचा उरतो. आता बोलणं लहान होतं.

"पेपरची वाढ मान्य आहे, त्यात काही म्हणायचं नाही. कन्व्हर्जन रुपयाने का वाढलं तेवढं सांगा."

"लेबर वाढलंय साहेब, टेम्पोवालापण वाढवून मागतोय."

"टेम्पो तीन खेपांचा धरलाय का? या वेळी एकाच खेपेत हवेत."

"मग चाळीस पैसे कमी करतो."

50 रुपये 10 पैशांवर सौदा झाला. इथून आणखी पन्नास पैसे पिळता येतीलही, पण ते पैसे कुठून येतील याचा विचार करा. कागदाचा भाव उघडा आहे, मजुरी ठरलेली आहे, हलवण्याजोगा उरतो तो जीएसएम.

चढत्या बाजारात सप्लायर आणखी दोन गोष्टी मागतो. एक, कोटेशनची मुदत महिन्यावरून आठवड्यावर. ती मान्य करा आणि आपल्या सह्या लवकर करून घ्या. आठवड्याच्या कोटेशनवर तिसऱ्या आठवड्यात पीओ पाठवला तर नवा रेट आला म्हणून तक्रार करता येत नाही. दुसरी, पेमेंटची मुदत कमी. मिल त्याच्याकडे लवकर पैसे मागत असते. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर कायद्यानेही 45 दिवसांपलीकडे मुदत ठेवता येत नाही. 45 ऐवजी 15 दिवसांत पैसे द्यायची सोय तुमच्याकडे असेल, तर ती फुकट देऊ नका, तिच्या बदल्यात कन्व्हर्जन जुन्यावर ठेवून घ्या.

"तुमच्याकडे जुन्या भावाचा कागद पडून असेल की" हा युक्तिवाद नवे लोक हमखास करतात. एखाद्या खेपेला तो चालून जातो. पण भाव उतरल्यावर तोच सप्लायर "माझ्याकडे महागाचा कागद पडून आहे" म्हणेल, तेव्हा तुम्हाला उत्तर नसेल. दोन्ही वेळी चालू भाव धरायचा, हेच बरं.

पीओवर पुढच्या वेळची सोय

आता तुम्हाला एक आकडा हाती लागला आहे: क्राफ्ट किलोमागे एक रुपयाने हलला की या खोक्याचा रेट 90 पैशांनी हलतो. तो पीओवरच लिहून टाका. "क्राफ्टचा आधारभाव 39 रुपये किलो, पोच, करांशिवाय. पुढील ऑर्डरच्या तारखेला भावात एक रुपयाहून जास्त फरक असल्यास किलोमागे दर एक रुपयाला खोक्याचा रेट 90 पैशांनी वाढेल किंवा कमी होईल. आधार: त्या महिन्यातील मिलचं बिल." बिलावरचं मिलचं नाव झाकून पाठवलं तरी हरकत घेऊ नका. तारीख, कागदाचा प्रकार आणि भाव दिसला की झालं.

"किंवा कमी होईल" हे शब्द सप्लायर कधी कधी खोडून पाठवतो. ते परत घालून घ्या. भाव चढला की फोन तोच करतो. उतरला की फोन तुम्हालाच करावा लागतो, म्हणून दर महिन्याला एकदा क्राफ्टचा भाव विचारून त्याच फाइलमध्ये तारखेसह नोंदवत जा.

दोन ठिकाणी हा हिशेब लावू नका. तीन-चारशे खोक्यांच्या ऑर्डरीत मशीन लावण्याचा आणि छपाई बदलण्याचा खर्चच जड असतो, तिथे किलोचा भाव दुय्यम आहे. आणि मागची ऑर्डर वर्षा-दीड वर्षापूर्वीची असेल तर कन्व्हर्जनही जुनं झालेलं असतं. ती रिपीट ऑर्डर धरूच नका, तीन ठिकाणांहून ताजी कोटेशनं मागवा.